२०० बेसिस पॉइंटचा धक्का : ड्यूरेशनचा आकडा, कन्व्हेक्सिटीची दुरुस्ती आणि उरलेले ७२ पैसे

कूपनखान

दादरच्या एका सहकारी बँकेच्या गुंतवणूक विभागात काम करतो. स्ट्रेस टेस्टची शीट नव्याने बांधतोय आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे. गुंता सोडवायला सोपा जावा म्हणून खऱ्या रोख्याऐवजी सरळ उदाहरण घेतलंय.

मुदत बरोबर ३० वर्षं, कूपन ७ टक्के, व्याज सहामाही, यील्ड ७ टक्के. म्हणजे भाव १००. व्यवहार कूपनच्याच तारखेला, त्यामुळे साठलेलं व्याज शून्य. आता यील्ड एका झटक्यात ९ टक्के झालं, तर भाव काय?

मॉडिफाइड ड्यूरेशन १२.४७ येतं. त्याने २ टक्क्यांना गुणलं की २४.९४ रुपयांची घट, म्हणजे भाव ७५.०६. एक्सेलच्या PRICE ने तोच रोखा ९ टक्क्यांना ७९.३६ दाखवला. फरक चार रुपयांच्या वर. हा फरक कन्व्हेक्सिटीचा, इथवर कळतं.

म्हणून ६० हप्त्यांचा तक्ता मांडून कन्व्हेक्सिटी काढली. ती आली १००४.९. सूत्रात घातली :

```
dP/P = -D*dy + 0.5*C*dy^2
     = -12.4724*0.02 + 0.5*1004.9*0.0004
     = -0.2494 + 0.2010
```

म्हणजे घट फक्त ४.८५ आणि भाव ९५.१५! दोन टक्के यील्ड वाढून तीस वर्षांचा रोखा पाचच रुपये पडतो, हे कोणालाच पटणार नाही. तक्ता तीनदा तपासला, बेरीज बरोबर आहे. कुठे चुकतंय?

---

बाजीगर

अर्ध करायचं राहिलं असणार. ड्यूरेशनला गुणक एक, कन्व्हेक्सिटीला अर्धा. पहिल्यांदा करणारे नव्वद टक्के लोक इथेच घसरतात.

---

कूपनखान

बाजीगरभाऊ, ०.५ सूत्रातच आहे, वर पाहा. आणखी एकदा अर्ध केलं तर १०.०५ येतात. तरी भाव ८५ च्या पुढेच राहतो.

---

सुमेधा_फोर्ट

तक्ता बरोबर आहे, एकक चुकलंय. तुमच्या ६० ओळी म्हणजे ६० सहामाह्या. त्यातून निघालेलं ड्यूरेशन सहामाहीत होतं, २४.९४, आणि ते तुम्ही न विसरता २ ने भागलंत. कन्व्हेक्सिटीत मात्र काळाचा वर्ग असतो, म्हणून तिला २ ने नाही, ४ ने भागायचं. तुम्ही ती भागलीच नाही.

१००४.९ भागिले ४ म्हणजे २५१.२३. आता पुन्हा करा : अर्धा गुणिले २५१.२३ गुणिले ०.०००४, म्हणजे ५.०२ टक्के. घट २४.९४ वजा ५.०२, म्हणजे १९.९२. भाव ८०.०८.

ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून शीटमध्ये एक राखणदार बसवून ठेवा. ज्याचे हप्ते ठरलेले आहेत, कॉल-पुट काही नाही, अशा कुठल्याही रोख्याची कन्व्हेक्सिटी त्याच्या मॉडिफाइड ड्यूरेशनच्या वर्गाखाली जाऊ शकत नाही. तुमच्या रोख्यात १२.४७ चा वर्ग १५५.६. हा झाला तळ. छत असं काढायचं : मुदतीत अर्धं वर्ष मिळवा, ड्यूरेशनने गुणा, १.०३५ ने भागा. ३०.५ गुणिले १२.४७ भागिले १.०३५, म्हणजे साधारण ३६८. यामागचं कारण सोपं आहे. सगळी रक्कम एकाच दिवशी मिळाली असती तर कन्व्हेक्सिटी तळाला चिकटली असती. हप्ते जितके पसरतील तितकी ती वर चढते, पण शेवटच्या हप्त्याच्या पुढे काहीच नसल्यामुळे तिला हद्दही आहे.

आकडा १५६ आणि ३६८ च्या मध्ये नसेल तर एकक बिघडलंय असं समजा, आणि काय बिघडलंय ते आकडाच सांगतो. १००५ आला तर सहामाहीचा आहे. २.५१ दिसला तर त्या स्क्रीनने १०० ने भागून दाखवलाय, तशी प्रथा आहे. १२५.६ आला तर अर्धा गुणक आधीच आत घेतलाय, मग सूत्रात पुन्हा ०.५ लावू नका. बाजीगर म्हणतात तो घोटाळा होतो खरा, पण बहुतेकदा असा उलट बाजूने.

---

बाजीगर

मान्य, ४ चं लक्षात आलं नव्हतं. शेवटचा परिच्छेद मात्र माझ्याच बाजूचा आहे बरं का.

---

कूपनखान

ताई, सुटलं. राखणदारही बसवला, १००५ टाकल्यावर खाना लाल होतो.

पण आता वेगळं दुखणं. तुमच्या हिशेबाने ८०.०८, PRICE म्हणतो ७९.३६. उरले ७२ पैसे. ५ कोटी दर्शनी किमतीच्या एका लॉटवर हे साडेतीन लाखांच्या वर जातात. उलटी दिशाही करून पाहिली, यील्ड ५ टक्के. ड्यूरेशन आणि कन्व्हेक्सिटी मिळून १२९.९७, PRICE ने १३०.९१. तिथे ९४ पैसे कमी पडतात.

म्हणजे दर वाढले की अंदाज खऱ्या भावाच्या वर, उतरले की खाली. बेसिस ४ लावलाय, ३०/३६०. तोही तपासून झाला.

---

बाजीगर

यील्ड वाढल्यावर खरा भाव अंदाजाच्या खाली? हे होऊच शकत नाही. भाव-यील्डची रेषा वाटीसारखी असते, खरा भाव नेहमी अंदाजाच्या वर राहतो, वाढो की उतरो. ७९.३६ मध्येच काहीतरी खोट आहे. PRICE मधली मॅच्युरिटीची तारीख बघ, एखादं वर्ष इकडेतिकडे झालं असेल.

---

सुमेधा_फोर्ट

तारखेत काही नाही. ७९.३६ बरोबर आहे. कॅल्क्युलेटरवरही येतं : ९ टक्क्यांना सहामाही दर ४.५, १.०४५ चा साठावा घात १४.०२७४, त्याचा व्यस्त ०.०७१२९. ७ भागिले ०.०९ म्हणजे ७७.७८. त्याला ०.९२८७१ ने गुणलं की ७२.२३, अधिक मुद्दलाचे ७.१३. बेरीज ७९.३६.

बाजीगर, वाटीची गोष्ट सरळ रेषेपुरती खरी आहे. ड्यूरेशनचा अंदाज म्हणजे वाटीला बाहेरून टेकवलेली पट्टी, त्यामुळे वाटी पट्टीच्या नेहमी वर. कन्व्हेक्सिटी जोडली की पट्टी राहत नाही, दुसरी वाटी होते. आणि या दोन वाट्यांचा आकार वेगळा आहे.

खरी रेषा उजवीकडे, चढत्या यील्डकडे, हळूहळू सपाट होत जाते. यील्ड वाढलं की लांबचे हप्ते वर्तमान मूल्यात आक्रसतात, ड्यूरेशन घटतं आणि कन्व्हेक्सिटीही घटते. आपण मात्र ७ टक्क्यांवर मोजलेली २५१ ही कन्व्हेक्सिटी ९ टक्क्यांपर्यंत तशीच ओढत नेतो. म्हणून उजवीकडे दुरुस्ती जास्त होते आणि अंदाज खऱ्या भावाच्या वर जातो. डावीकडे कन्व्हेक्सिटी वाढत असते, आपण तिला २५१ वरच धरून ठेवतो, म्हणून तिथे दुरुस्ती अपुरी पडते. तुमच्या ७२ आणि ९४ पैशांचा उगम हाच. दोन्हींची सरासरी ८३ पैसे, तेवढी तिसऱ्या पदाची. उरलेले ११ पैसे चौथ्या पदाचे, ते दोन्ही बाजूंना वरच ढकलतात. म्हणूनच एका बाजूला फरक कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त दिसतो.

दुरुस्तीची वाटी किती फसवी आहे ते बघायचं असेल तर तिचा तळ शोधा. ड्यूरेशन भागिले कन्व्हेक्सिटी, १२.४७ भागिले २५१.२३, म्हणजे ४.९६ टक्के. यील्ड ११.९६ च्या पुढे गेलं की हे सूत्र म्हणतं, आता यील्ड वाढेल तसा भाव वाढेल! असं कुठल्याच रोख्याचं होत नाही. ७०० बेसिस पॉइंटपर्यंतच्या तक्त्यात कोणी हे सूत्र आंधळेपणाने ओढलं, तर शेवटच्या दोन रकान्यांत तोटा कमी होताना दिसेल आणि अहवाल वाचणाऱ्याला तो रोखा मोठा गुणी वाटेल.

---

ठाणेकर_काका

नमस्कार. चर्चा वाचली, अर्धी डोक्यावरून गेली. माझे निवृत्तीचे काही पैसे गिल्ट फंडात आहेत. फॅक्टशीटवर मॉडिफाइड ड्यूरेशन १० लिहिलंय. दर वाढणार म्हणतात. तुमच्या या कन्व्हेक्सिटीमुळे माझं नुकसान कमी होणार का? की विकून मोकळा होऊ?

---

सुमेधा_फोर्ट

काका, विकायचं का हे या धाग्यातून कळणार नाही. ते तुम्हाला पैसे कधी लागणार आहेत त्यावर ठरेल. पण नुकसानीचा अंदाज घेता येतो.

फॅक्टशीटवर कन्व्हेक्सिटी नसली तरी तळ आपल्याला माहीत आहे, ड्यूरेशनचा वर्ग. १० चा वर्ग १००. यील्ड १ टक्का वाढलं तर ड्यूरेशनने १० टक्के घट, कन्व्हेक्सिटीचे किमान अर्धा टक्का परत. म्हणजे साधारण साडेनऊ टक्के घट, किंवा त्याहून थोडी कमी. फंडात थोडे छोट्या मुदतीचे आणि थोडे चाळीस वर्षांचे रोखे मिसळून ड्यूरेशन १० केलेलं असेल, तर कन्व्हेक्सिटी १०० च्या बरीच वर असेल. सगळे मधल्या मुदतीचे असतील तर त्या मानाने १०० च्या जवळ. हे पोर्टफोलिओच्या यादीवरून दिसतं, ड्यूरेशनच्या एका आकड्यावरून नाही.

यात रोजचं जमणारं व्याज धरलेलं नाही, हा फक्त धक्क्याच्या दिवसाचा हिशेब. आणि कन्व्हेक्सिटी नुकसान थांबवत नाही. ड्यूरेशनच्या पट्टीने जेवढं दिसतं, त्यापेक्षा ते कमी निघतं, इतकंच.

---

ठाणेकर_काका

साडेनऊ टक्के म्हणजे चांगलेच की. असो, आभारी आहे. मुलाला दाखवतो.

---

एक्सेलवाली

एक्सेलमध्ये MDURATION आहे, पण कन्व्हेक्सिटीचं तयार फंक्शन नाही. ६० ओळींचा तक्ता न मांडता तीन PRICE वरून काढता येते, मी तसंच करते :

```
=(PRICE(s,m,7%,y+h,100,2,4)+PRICE(s,m,7%,y-h,100,2,4)
  -2*PRICE(s,m,7%,y,100,2,4))/(PRICE(s,m,7%,y,100,2,4)*h^2)
```

यात s आणि m ही सेटलमेंट आणि मॅच्युरिटीच्या तारखांच्या पेशींना दिलेली नावं, y म्हणजे यील्ड आणि h म्हणजे ते वर-खाली हलवायचं अंतर. सहामाहीचा घोळ होत नाही, कारण y आधीपासूनच वार्षिक आहे.

पण h किती घ्यायचा? मी पीव्ही०१ ची सवय म्हणून १ बेसिस पॉइंट घेतला. एकाच रोख्याला माझ्या शीटमध्ये २५१ येते आणि भावांच्या फाइलवरून केली की २००. दुसऱ्या एका फाइलवरून तर शून्य! सूत्र तिन्हीकडे तेच.

---

सुमेधा_फोर्ट

फाइलमधले भाव राउंड केलेले आहेत. कूपनखान यांच्याच रोख्यावर बघा. १ बेसिस पॉइंट खाली भाव १००.१२४८४९, वर ९९.८७५४०२. बेरीज २००.०००२५१. त्यातून २०० वजा करून जे उरतं, त्या ०.०००२५१ मध्येच सगळी कन्व्हेक्सिटी आहे. चार दशांशांवर राउंड केलं की १००.१२४८ आणि ९९.८७५४, बेरीज २००.०००२, म्हणून २००. दोन दशांशांवर १००.१२ आणि ९९.८८, बेरीज बरोबर २००, म्हणून शून्य. पीव्ही०१ ला हे चालून जातं, कारण तिथे दोन भावांतला फरक साधारण २५ पैशांचा असतो. इथे आपण पैशाच्या शंभराव्या हिश्शातलं काहीतरी शोधत असतो.

h २५ बेसिस पॉइंट घ्या. तेव्हा तोच उरलेला भाग ०.१५७ होतो आणि चार दशांशांच्या फाइलवरूनही २५१.३ च्या आसपास येते. फार मोठा h ही नको. २०० घेतलात तर २५६.८ येईल, कारण त्यात चौथं पद मिसळतं.

---

एक्सेलवाली

कळलं. पण २५६.८ घेऊन कूपनखान यांचा अंदाज सुधारणार नाही का? धक्का २०० चा, तर h पण २०० चा.

---

सुमेधा_फोर्ट

उतरत्या बाजूला सुधारेल, चढत्या बाजूला बिघडेल. २५६.८ ने दुरुस्ती ५.१४ होते. दर उतरले तर भाव १३०.०८, म्हणजे थोडा जवळ. वाढले तर ८०.१९, म्हणजे आणखी लांब. तिसरं पद दिशेप्रमाणे चिन्ह बदलतं, ते वर्गाच्या पदात कितीही कोंबलं तरी बसत नाही.

---

जुना_डीलर

इतका वेळ वाचतोय. मंडळी, एक साधा प्रश्न. भाव हवाय ना? मग PRICE लावा आणि मोकळे व्हा. कन्व्हेक्सिटी ही कॅल्क्युलेटर महाग असतानाची जुगाड. आज दोनशे रोख्यांचं पूर्ण रिप्राइसिंग डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. ७२ पैसे शोधत बसायचं कशाला?

दुसरं, २०० चा धक्का सगळ्या मुदतींना सारखा बसतो हे कागदावरच. २०१३ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेने एमएसएफचा दर १०.२५ वर नेला, रेपोच्या ३०० बेसिस पॉइंट वर. तेव्हा टी-बिलं दोन आकड्यांत गेली आणि वक्र उलटा झाला. लांबचे रोखे पडले, पण आखूड बाजूइतकी यील्ड त्यांची चढली नाही. उलट २००८ च्या जुलैत दहा वर्षांचं यील्ड ९ च्या वर होतं आणि डिसेंबर संपताना साडेपाचच्या खाली. तो खरा मोठा धक्का, पण त्यालाही महिने लागले. मधल्या काळात कोणाचा रोखा तोच आणि तेवढाच राहिला?

---

कूपनखान

डीलरसाहेब, रिप्राइसिंग करतोच. पण आमच्याकडे पोर्टफोलिओचा जो सारांश वर जातो, त्यात प्रत्येक रोख्याचे हप्ते नसतात. ड्यूरेशन, कन्व्हेक्सिटी आणि बाजारभाव एवढंच असतं. त्यावरून कोणी १७५ चा प्रश्न विचारला तर जागेवर उत्तर द्यावं लागतं.

---

सुमेधा_फोर्ट

जुना_डीलर यांचं पहिलं म्हणणं मला अर्धंच पटतं. हप्ते हातात असतील तर रिप्राइस करावं, वादच नाही. पण उद्या रिप्राइसिंगने ७९.३६ ऐवजी ८१.५ दाखवलं, तर चुकलंय हे ओळखायला दुसरा स्वतंत्र आकडा लागतोच.

वक्राबद्दल ते शंभर टक्के बरोबर आहेत. यील्डचा एकच आकडा हलवून केलेला हिशेब एकाच रोख्याला चालतो. पोर्टफोलिओला मुदतीचे गट पाडून प्रत्येक गटाला त्याचा त्याचा धक्का द्या आणि कन्व्हेक्सिटीही गटवार ठेवा. एकत्रित कन्व्हेक्सिटी आणि एकच धक्का यांच्या जोरावर २०१३ सारखा प्रसंग मोजायला गेलात तर दुरुस्ती चुकीच्या ठिकाणी लागेल.

आता सारांशावरून जागेवर उत्तर द्यायचं असेल, तर हेच दोन आकडे जास्त चांगले वापरता येतात. भावाऐवजी भावाच्या लॉगरिदममध्ये दुरुस्ती करा :

```
ln(P1/P0) = -D*dy + 0.5*(C - D^2)*dy^2
```

C वजा D चा वर्ग म्हणजे २५१.२३ वजा १५५.५६, म्हणजे ९५.६७. अर्धा गुणिले ९५.६७ गुणिले ०.०००४ म्हणजे ०.०१९१३. वाढत्या बाजूला उणे ०.२४९४५ अधिक ०.०१९१३, म्हणजे उणे ०.२३०३१. EXP घेतला की ०.७९४३, भाव ७९.४३. खरा ७९.३६. चूक ७२ पैशांवरून ७ पैशांवर आली. उतरत्या बाजूला ०.२६८५८ चा EXP १.३०८१, भाव १३०.८१. खरा १३०.९१. चूक १० पैसे.

नवी माहिती काहीच लागली नाही. तळाचा जो नियम वर सांगितला, त्याच्यापेक्षा हा रोखा जितका वर आहे तितकंच यात दुरुस्त होतं. बाकीचा वाकडेपणा EXP स्वतः सांभाळतो, कारण लांबच्या हप्त्याचं वर्तमान मूल्य मुळातच घातांकाने घटतं, वर्गाने नाही. एकच हप्ता असलेल्या स्ट्रिपला तर ही दुरुस्ती जवळजवळ शून्यच उरते आणि नुसतं EXP पुरतं.

---

बाजीगर

हे भारी आहे. पण मग सगळी पुस्तकं ते जुनं सूत्र का छापतात?

---

सुमेधा_फोर्ट

कारण ५० बेसिस पॉइंटपर्यंत फरकच पडत नाही. या तीस वर्षांच्या रोख्यालाही ५० ला कन्व्हेक्सिटीचं पूर्ण पद ३१ पैशांचं, २५ ला ८ पैशांचं. दुरुस्तीची दुरुस्ती तर पैशा-दीड पैशात जाते. आणि मुदत कमी असेल तर २०० लाही जुनं सूत्र चालतं. हाच रोखा १० वर्षांचा धरा : ड्यूरेशन ७.११, कन्व्हेक्सिटी ६४.३. ९ टक्क्यांना ड्यूरेशनचे १४.२१ वजा आणि १.२९ परत, भाव ८७.०७. खरा ८६.९९. आठ पैशांसाठी कोणी लॉग घेत नाही. लांब मुदत आणि मोठा धक्का दोन्ही एकत्र आले तरच पंचाईत.

एक राहिलंच, कूपनखान. तुमचं उदाहरण कूपनच्या तारखेचं होतं म्हणून लपलं. खऱ्या रोख्यात हे टक्के साठलेल्या व्याजासकटच्या भावावर लावायचे, बाजारात बोलल्या जाणाऱ्या क्लीन भावावर नाही. कूपनला पाच महिने झाले असतील तर ७ टक्क्यांच्या रोख्यावर २.९२ साठलेले असतात. क्लीन १०० वर लावलंत तर सगळी घट जवळजवळ तीन टक्क्यांनी कमी दिसेल. मग नव्या भावातून तेच २.९२ वजा करून क्लीन काढा. साठलेलं व्याज यील्ड हललं म्हणून बदलत नाही.

---

कूपनखान

हे नेमकं माझ्या शीटमध्ये चुकलंय. बाजारभावाचा रकाना क्लीन भावावरचाच आहे.

लॉगवालं सूत्र आमच्या ऑडिटरला पटवणं अवघड जाईल. त्यांच्या चेकलिस्टवर जुनंच छापलेलं आहे.

---

जुना_डीलर

म्हणून म्हणतो, रिप्राइस करा. त्यावर कोणी सही मागत नाही.

आणि सुमेधाताई, कॉल असलेल्या कॉर्पोरेट रोख्यांचं काय? तुमचा तळ तिथे फुटतो. दर उतरले की कंपनी पैसे परत करून मोकळी होते, भाव कॉलच्या किमतीपाशी अडखळतो.

---

सुमेधा_फोर्ट

फुटतो, म्हणूनच वर "कॉल-पुट काही नाही" असं आधीच लिहिलंय. तिथे कन्व्हेक्सिटी उणेही जाते, आणि यील्ड हलवून नाही तर सगळा वक्र हलवून, मॉडेलने भाव काढून मोजावी लागते. कॉलच्या आसपास h किती घेतला त्यावर आकडा इतका नाचतो की त्या रोख्यांच्या बाबतीत मी तुमच्याच पक्षात आहे.

---

एक्सेलवाली

राज्य सरकारांच्या रोख्यांना गटवार धक्के देताना जी-सेकचाच धक्का लावता का, की स्प्रेड वेगळा हलवता? आमच्याकडे यावर दोन मतं आहेत.

---

जुना_डीलर

वेगळा हलवतो. पण किती, ते विचारू नका. त्यावर आमच्या टेबलावर तीन मतं आहेत.